एचआरकडून ग्रॅच्युइटीचा डेटा मागताना: माणसं कोणती, तारीख कुठली, पगार कुठला

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या कंपनीत अकाउंट्सला आहे. कारखाना रबाळ्याला, एचआर तिथेच बसतं. मार्चअखेरच्या ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेच्या व्हॅल्युएशनसाठी त्यांच्याकडून कर्मचाऱ्यांचा डेटा मागवते. दरवर्षी तीन-चारदा परत पाठवावा लागतो. कधी तारखा चुकतात, कधी माणसंच कमी असतात, आणि उशीर मात्र माझ्या नावावर. मेलमध्ये नक्की काय लिहू?

उत्तर:

कारखान्याच्या एचआरकडे कर्मचाऱ्यांची एकच यादी कधीच नसते. मस्टर असतं, पंचिंग मशीनची यादी असते, पगारपत्रक असतं, पीएफची आणि ईएसआयची यादी वेगळी असते. "३१ मार्चचा एम्प्लॉयी डेटा पाठवा" असं आपण लिहिलं की समोरचा माणूस यातली जी यादी एका क्लिकवर निघते ती काढून पाठवतो. बहुतेक वेळा ते मार्चचं पगारपत्रक असतं. त्याच्या दृष्टीने त्याने मागितलेलं दिलेलं असतं. मी आधी पेरोलला होते, नंतर फायनान्सला आले, त्यामुळे या मेलच्या दोन्ही टोकांना बसून झालंय. पेरोलच्या टेबलावर असा मेल आला की त्यात तीन गोष्टी सापडत नाहीत: माणसं कोणती धरायची, कुठल्या तारखेची स्थिती हवी आणि पगार म्हणजे कुठला पगार. या तिन्हींचा निर्णय मागणाऱ्याने घेतला नाही, तर तो देणाऱ्याला घ्यावा लागतो आणि तो आपल्या सोयीने घेतो.

काही गोष्टी तुमच्याकडे कशा आहेत त्यावर ठरतील. चाळीस-पन्नास माणसांची कंपनी असेल तर मेलच्या भानगडीत पडू नका, रबाळ्याला जा आणि पेरोलवाल्याच्या शेजारी बसून तासाभरात काम संपवा. पगार बाहेरच्या एजन्सीकडे होत असेल तर तुमचा मेल एचआरमार्फत तिकडे जातो, वाटेत निम्मा गळतो. अशा वेळी सगळं फाइलमध्येच लिहिलेलं हवं. पुढचं मी साधारण तीनशे माणसं, दोन ठिकाणं आणि स्वतःचं पेरोल सॉफ्टवेअर धरून लिहिते.

सुरुवात हेतूपासून करा, पण "ऑडिटसाठी हवं आहे" हा हेतू नव्हे. ऑडिट म्हटलं की लोक सावध होतात आणि मागितलं तेवढंच मोजून देतात. त्याऐवजी दोन ओळी लिहा: या डेटावरून प्रत्येक कर्मचाऱ्याची ३१ मार्चपर्यंतची ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेची देणी किती, हे ॲक्च्युअरी काढणार आहे, म्हणून ज्याची नोकरी ३१ मार्चला चालू आहे असा प्रत्येक माणूस यादीत हवा, मार्चमध्ये त्याचा पगार निघालेला असो वा नसो. एवढं कळलं की जुना एचआरवाला स्वतःहून सांगतो, "मॅडम, ते ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीतून आलेले लोक आहेत ना, त्यांची सर्व्हिस तिकडून धरायची ठरलीय. सॉफ्टवेअरमध्ये मात्र इथली जॉइनिंग डेट आहे." ही माहिती तुमच्या कुठल्याही रकान्यात मावली नसती. हेतू माहीत नसता तर त्याने ती सांगितलीही नसती.

आता माणसं. पगारपत्रकातून काढलेल्या यादीत नेमके कोण सुटतात ते पाहा. प्रसूती रजेवरच्या बाई, ज्यांना ईएसआयकडून पैसे मिळतात म्हणून कंपनीच्या पगारात शून्य आहे. लांबच्या आजारपणात असलेला ऑपरेटर. न सांगता गैरहजर म्हणून पगार होल्डवर ठेवलेला, पण नावावर अजून लाल रेघ न मारलेला कामगार. हे तिघेही ३१ मार्चला कर्मचारीच आहेत. राजीनामा दिलाय पण शेवटचा दिवस एप्रिलमध्ये आहे, तोही आहे. उलट ३१ मार्चलाच सुटलेला आणि फुल अँड फायनल बाकी असलेला माणूस या यादीत नको; तो वर्षभरात सुटलेल्यांच्या वेगळ्या शीटवर हवा, सुटल्याची तारीख आणि दिलेली ग्रॅच्युइटी यांच्यासकट. ॲप्रेंटिस नकोत, कंत्राटदाराचे कामगार नकोत. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरचे मात्र हवेत आणि ते ओळखूही यायला हवेत, कारण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांना एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी आहे.

यादी पुरी आली की नाही हे ताडण्याचा उपाय सोपा आहे. मागच्या वर्षीच्या फायनल फाइलमधली संख्या घ्या, वर्षात लागलेले मिळवा, सुटलेले वजा करा. समजा मागच्या मार्चला ३१२ होते, ४१ लागले, ३७ सुटले. मग ३१६ यायला हवेत. फाइल आली ३११ ची. मागच्या वर्षीची यादी आणि वर्षातल्या नव्या जॉइनिंगची यादी, सुटलेले वगळून, आलेल्या फाइलला कोड लावून जुळवलीत, की पाच कोड हाती लागतात: दोघी प्रसूती रजेवर, एक आजारी, दोघांचा पगार होल्डवर. मेलमध्ये "डेटा अपुरा आहे, कृपया तपासा" असं लिहिलंत तर तीच फाइल परत येईल. पाच कोड लिहून "हे ३१ मार्चला रोलवर होते का?" असं विचारलंत तर अर्ध्या तासात उत्तर येतं.

पगाराच्या रकान्याला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. पगारपत्रकात 'बेसिक' नावाचे दोन आकडे असतात. एक ठरलेला दर आणि दुसरा त्या महिन्यात प्रत्यक्ष कमावलेला. एका कामगाराचा बेसिक आणि डीए मिळून दर २१,००० आहे आणि मार्चमध्ये त्याने दहा दिवस बिनपगारी रजा घेतली असं धरा. पगार कॅलेंडर दिवसांवर निघत असेल, तर कमावलेला आकडा एकतीसपैकी एकवीस दिवसांचा, म्हणजे साधारण १४,२२६ रुपये. सेवा पंधरा वर्षांची. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाला महिन्याच्या वेतनाचे सव्विसात पंधरा भाग. खऱ्या दराने ती १,८१,७३१ होते, कमावलेल्या आकड्याने १,२३,१०८. एका माणसामागे ५८,६०० रुपयांचा फरक, आणि फाइल मात्र दिसायला अगदी स्वच्छ. ॲक्च्युअरी पुढे पगारवाढ, गळती, व्याजदर सगळं धरतो, त्यामुळे पुस्तकात येणारा आकडा नेमका हा नसेल, पण चूक त्याच दिशेने आणि त्याच प्रमाणात येते. म्हणून रकान्याचं नाव नुसतं 'बेसिक' ठेवू नका. 'बेसिकचा मासिक दर, ३१ मार्चला लागू असलेला, हजेरीची कपात न करता' असं शीर्षकाखाली लिहा. एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट लागते आणि पेरोलवाला मार्चच्या डेटाला एप्रिलचे दर जोडून मोकळा होतो, तेही या वाक्याने अडतं.

याच संदर्भात, हिशेब करून आणलेला आकडा मागू नका. "ग्रॅच्युइटीसाठी पात्र वेतन" असा रकाना दिलात तर ते काढायचं कसं हे एचआर ठरवेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू आहेत. त्यांच्या व्याख्येत घरभाडं, वाहतूक भत्ता वगैरे वेतनातून वगळले जातात, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेल्या तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरावा लागतो. तुमच्या कंपनीत हे कसं बसतं ते तुम्ही, ॲक्च्युअरी आणि ऑडिटर मिळून ठरवा. एचआरकडून बेसिक, डीए आणि बाकीचे भत्ते वेगवेगळे कच्चे आकडे घ्या आणि बेरीज-वजाबाकी आपल्याकडे ठेवा. नियमाचा अर्थ उद्या बदलला तरी पुन्हा डेटा मागायला जावं लागत नाही.

रजेचंही तसंच. फक्त साठवता येणारी आणि रोखीत निघणारी अर्जित रजा हवी असते, पण सॉफ्टवेअरचा रिपोर्ट सीएल-एसएलसकट बेरीज देतो. शिवाय अनेक कारखान्यांत रजेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालतं, तर काही ठिकाणी १ एप्रिलला नवी रजा खात्यात पडते. ५ एप्रिलला काढलेला रिपोर्ट ३१ मार्चचा म्हणून आला तर त्यात नव्या वर्षाची रजा मिसळलेली असू शकते. खूण अशी, की बऱ्याच जणांची शिल्लक एकाच आकड्याने फुगलेली दिसते. शून्य शिल्लक असेल तर 0 लिहा, माहिती नसेल तर NA लिहा आणि रिकामं काही ठेवू नका, ही ओळ टेम्प्लेटमध्ये असू द्या. रिकाम्या घराचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही.

टेम्प्लेट म्हणजे तुम्ही बनवलेली रिकामी एक्सेल फाइल, पहिल्या ओळीत शीर्षकं आणि दुसऱ्या ओळीत खऱ्यासारखी भरलेली एक नमुना ओळ. लांबलचक सूचना कोणी वाचत नाही, नमुना ओळ मात्र सगळे बघतात. ॲक्च्युअरीचा स्वतःचा फॉरमॅट असेल तर तो आधी मागवा आणि त्याचेच रकाने घ्या. लिंग, निवृत्तीचं वय असलं काही लागतंय का ते तिथे कळतं. गाभा असा:

```
Emp_Code,Plant,DOB,DOJ_Gratuity,Basic_Rate,DA_Rate,Other_Allow,EL_Bal,Status
R-00417,RBL,09-Jul-1986,14-Feb-2011,17500,3500,12000,38.5,Active
```

यात नाव नाही, पॅन नाही, आधार नाही, हे मुद्दाम. ॲक्च्युअरीला कोड पुरतो. नाव-आधारासकट यादी मागितली की एचआर हेडची परवानगी, मग त्यांचा वेळ, असं लांबतं, आणि त्यांचं चूकही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याच्या मुळाशी हेच आहे की कामाला लागेल तेवढंच मागावं. फाइल कोण कोण पाहणार तेही मेलमध्ये लिहा.

कोडपुढचं R- आणि शून्यं बघा. रबाळ्याचा 00417 आणि ठाण्याचा 417 हे दोन वेगळे लोक असतील आणि एक्सेलने पुढची शून्यं खाल्ली, तर दोघे एक होतात आणि VLOOKUP पहिल्याचा पगार दुसऱ्याला लावून मोकळा होतो. कोडच्या आधी अक्षर ठेवलं की एक्सेल त्याला संख्या समजत नाही. नुसते आकडेच असतील तर टेम्प्लेट पाठवण्यापूर्वी तो रकाना टेक्स्ट करून ठेवा. भरल्यानंतर टेक्स्ट केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

तारखांची गंमत बहुतेकांना अर्धीच माहीत असते. सॉफ्टवेअरने 03/07/2011 अशी तारीख दिली आणि ज्या कॉम्प्युटरवर ती उघडली त्याची रीजन सेटिंग अमेरिकन असेल, तर ३ जुलैचा ७ मार्च होतो, मुकाट्याने. पण 14/02/2011 मध्ये चौदावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख मानतच नाही, टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटवून ठेवतं. मग कोणीतरी डावीकडच्या तेवढ्या तारखा हाताने दुरुस्त करतं आणि उलटलेल्या तशाच राहतात. म्हणून महिना अक्षरांत लिहिलेली तारीख मागायची. आणि फाइल आली की नमुना ओळ राहिली असेल तर ती काढून आधी हे दोन आकडे बघायचे:

```
=COUNT(D2:D317)
=COUNTA(D2:D317)
```

३१६ माणसांच्या यादीत दोन्हीकडे ३१६ यायला हवं. पहिला आकडा कमी आला म्हणजे काही तारखा टेक्स्ट आहेत, आणि मग ज्या 'बरोबर' दिसताहेत त्यांच्यावरही विश्वास ठेवू नका. दोन्ही जुळले तरी जन्मतारीख आणि जॉइनिंगची तारीख मागच्या वर्षीच्या फाइलशी कोडवरून ताडा. जुन्या माणसाची जन्मतारीख वर्षात बदलायचं काही कारण नसतं. जिथे बदललीय तिथे एक तर ती उलटली आहे, नाहीतर कोणीतरी एकच रकाना निवडून सॉर्ट मारलंय आणि सगळ्या तारखा दुसऱ्यांच्या झाल्यात. या दुसऱ्या प्रकारात COUNT काहीच पकडत नाही.

फाइलसोबत तीन आकडे मेलच्या मजकुरात मागा: एकूण माणसं, बेसिक-डीएची एकूण बेरीज, एकूण शिल्लक रजा. हे आकडे फाइलमधून बेरीज करून न देता सॉफ्टवेअरच्या रिपोर्टवरून वाचून द्यायला सांगा. कॉपी-पेस्टमध्ये एखादी ओळ पडली तर ती इथे दिसते. रजेवरच्या लोकांमुळे रिपोर्टचा आकडा थोडा वेगळा येईल. हरकत नाही, फरक कोणामुळे आहे ते नावानिशी सांगता आलं म्हणजे झालं.

मुदतीबद्दल माझं मत जरा ठाम आहे. १ एप्रिलला "अर्जंट, आजच्या आज" असा मेल टाकणं म्हणजे चुकीच्या डेटाला आमंत्रण. तेव्हा मार्चची हजेरीसुद्धा लॉक झालेली नसते. पेरोलवाल्यांचं एप्रिलचं वेळापत्रक समोर ठेवून उलटं मोजा. १५ तारखेला पीएफ आणि ईएसआय भरायचं असतं, त्याच्या आधीचे दोन दिवस त्यांना हात लावू नये. २०२६ चं धरलं तर १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, ३ तारखेला गुड फ्रायडे. ॲक्च्युअरीला १६ ला द्यायचं असेल, तर पहिली फाइल गुरुवारी ९ तारखेला दुपारी तीनपर्यंत, तुमच्या शंका १० ला सकाळी, आणि उत्तरं त्याच दिवशी संध्याकाळी. एक फेरी होणारच असं धरून मुदत ठेवायची. मेलमध्ये शेवटची तारीखही सांगा आणि त्यानंतर काय अडतं तेही. नाहीतर प्रत्येक खात्याची मुदत 'अर्जंट'च असते.

याहून महत्त्वाचं, टेम्प्लेट मार्चच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा आणि फेब्रुवारीच्या आकड्यांवर एक रंगीत तालीम मागा. गुढीपाडव्याच्या आसपास ती फाइल हातात आली की कमावलेला बेसिक, शून्यं, उलट्या तारखा हे सगळं तेव्हाच निस्तरतं, जेव्हा कोणालाच घाई नसते. एप्रिलमध्ये मग तोच रिपोर्ट महिना बदलून काढायचा असतो. पहिल्या वर्षी "हे काय नवीन?" असं ऐकावं लागेल, ऐकून घ्या.

मेल साधारण या धर्तीवर जाऊ द्या:

> मॅडम, नमस्कार. ३१ मार्चच्या ग्रॅच्युइटी आणि अर्जित रजेच्या मूल्यांकनासाठी सोबतच्या टेम्प्लेटमध्ये डेटा हवा आहे. ३१ मार्चला रोलवर असलेले सर्व, मार्चमध्ये पगार निघाला नसला तरी. ॲप्रेंटिस आणि कंत्राटी वगळून. वर्षात सुटलेले दुसऱ्या शीटवर. बेसिक-डीए हा लागू दर, कमावलेला नव्हे. ज्यांची सेवा आधीच्या कंपनीतून धरायची आहे त्यांची मूळ तारीख लिहावी. नाव, पॅन, आधार नको. मेलमध्ये एकूण संख्या, बेसिक-डीएची बेरीज आणि एकूण रजा कळवावी. गुरुवार ९ एप्रिल, दुपारी ३ पर्यंत. शंका मी १० ला सकाळी पाठवेन. १६ ला फाइल ॲक्च्युअरीकडे जाते, फायनान्समध्ये माझ्याशिवाय फक्त सीएफओ पाहतील. एखादा रकाना सॉफ्टवेअरमधून निघत नसेल तर अंदाजाने भरू नका, मला फोन करा.

शेवटचं वाक्य काढू नका. अंदाजाने भरलेले रकाने हे रिकाम्या रकान्यांपेक्षा शोधायला कितीतरी अवघड असतात.

चूक सापडली की ती स्वतः दुरुस्त करायचा मोह होतो, विशेषतः दोन-चारच ओळी असतील तर. करू नका. तुमच्या फाइलमध्ये सुधारलेली जन्मतारीख त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच चुकीची राहते आणि पुढच्या मार्चला परत येते, वर तुमची आणि त्यांची फाइल जुळत नाही ते वेगळंच. कोड, रकाना, काय आलंय आणि शंका काय, एवढी छोटी यादी पाठवा आणि नव्या क्रमांकाची पूर्ण फाइल मागा: Grat_31Mar2026_v2, मग v3. "फक्त बदललेल्या ओळी पाठवते" याला नाही म्हणा, त्या जोडताना नवी चूक होते. जी फाइल ॲक्च्युअरीकडे गेली तीच एचआरलाही "ही अंतिम" म्हणून परत पाठवून ठेवा. पुढच्या वर्षी ३१६ पासून मोजायला दोघांकडे एकच फाइल असेल.